प्रश्न पडायच्या आधीच उत्तर दाखवून टाका

प्रश्न: मी आठ भागांची थ्रिलर मालिका लिहितेय. पहिल्या भागात एक शाळकरी मुलगा बेपत्ता होतो. सातव्या भागात कळतं की ज्या मामाने पोलिसांत तक्रार दिली, त्यानेच त्याला पळवलं. पहिल्या दोन भागांत मी तीन धागे पेरलेत. मुख्य धागा असा: तक्रार देताना मामा मुलाच्या नव्या चपलांचं वर्णन करतो, पण त्याने त्या पाहिलेल्याच नसतात. तिघांना वाचायला दिलं. दोघांनी दुसऱ्याच भागात मामाला ओळखलं. तिसरी म्हणाली, शेवट कुठून उपटला कळलंच नाही. धागे कमी करू की वाढवू?

उत्तर:

कमीही करू नका, वाढवूही नका. तिघांची मतं उलटसुलट वाटली तरी त्यांचं दुखणं एकच आहे. तुमचा धागा ज्या क्षणी दिसतो त्या क्षणी त्याला स्वतःचं दुसरं काही काम नाही. ज्यांचं लक्ष होतं त्यांना तो पेरलेला धागा म्हणूनच दिसला. जिचं लक्ष नव्हतं तिच्यासाठी तो कुठेच अडकला नाही, म्हणून आठवलाही नाही. सोळा वर्षं मालिका लिहिताना ही चूक मी स्वतः केली आहे आणि इतरांच्या संहितांत दुरुस्तही केली आहे.

आधी एक सांगते. मी मुख्यतः पडद्यासाठी लिहिते. तुमची मालिका वाचायची आहे की पाहायची, आठवड्याला एक भाग येणार की आठही एकदम, यावर बरंच अवलंबून आहे. आठवड्याला एक भाग येत असेल तर वाचकाला सात दिवस तर्क लढवायला मिळतात, आणि तितकेच सात दिवस विसरायलाही. सगळे भाग एका रात्रीत वाचून होणार असतील तर विसरण्याची भीती कमी, पण उघडं पडण्याची भीती जास्त. तरी मूळ विचार दोन्हीकडे तोच राहतो. तो सांगायला मी बहुतेकांनी पाहिलेलं उदाहरण घेते: ‘दृश्यम’ हा चित्रपट. पहिला आणि दुसरा, दोन्ही भागांचे शेवट पुढे उघड होतात. ज्यांनी पाहिले नसतील त्यांनी आधी पाहून यावं, मग वाचावं.

हिंदी ‘दृश्यम’ २०१५ चा, दिग्दर्शन आपल्या निशिकांत कामत यांचं. त्याआधी २०१३ मध्ये जीतू जोसेफ यांचा मूळ मल्याळम चित्रपट आला होता. गोव्यातल्या छोट्या गावात केबलचा धंदा करणारा विजय साळगावकर, बायको, दोन मुली. पोलीस अधिकारी मीरा देशमुख यांचा मुलगा थोरल्या मुलीला व्हिडिओवरून धमकावतो, झटापटीत तिच्या हातून मारला जातो. मायलेकी प्रेत घरामागच्या खड्ड्यात पुरतात. मग विजय सगळं कुटुंब वाचवायला उभा राहतो. शेवटी कळतं की प्रेत त्या खड्ड्यात नाहीच. विजयने ते तेव्हा बांधकाम चालू असलेल्या नव्या पोलीस ठाण्याच्या जमिनीखाली पुरलंय.

आता लेखकाच्या नजरेने बघा. ते ठाणं लपवलेलं नाही. त्याचं बांधकाम चालू असल्याचं आपल्याला आधीपासून माहीत असतं. मल्याळम चित्रपट तर सुरूच होतो तो नव्या ठाण्यात बसलेल्या नायकापासून. म्हणजे अडीच तासांनी जे उघड होणार, ते पहिल्या चौकटीत समोर आहे. तरी थिएटरमध्ये कुणी ओळखलं नाही. का?

“त्यांनी हुशारीने लपवलं” हे त्याचं उत्तर नाही. त्या वेळी प्रेत कुठे आहे हा प्रश्नच आपल्या मनात नसतो, म्हणून आपण ओळखत नाही. आधी तर प्रेतच नसतं. नंतर प्रेत येतं, पण ते पुरताना आपण डोळ्यांनी बघतो. खड्डा, फावडं, घाबरलेल्या मायलेकी. जे डोळ्यांनी पाहिलं ते शोधायला कोण जाईल? आपल्या मनात वेगळाच प्रश्न घोळत असतो: हे कुटुंब पोलिसांसमोर टिकेल का? विजय त्यांना पणजीची सहल घडवतो, सत्संग, हॉटेल, पावभाजी, बसची तिकिटं, आणि २ ऑक्टोबरची तारीख लोकांच्या डोक्यात बसवतो. आपण त्या तारखेत गुंततो. ठाण्याची भिंत तोवर चढत असते.

धाकटी मुलगी मार खाऊन खड्ड्याचं सांगते, पोलीस खणतात, आणि त्यात माणसाऐवजी जनावराचे अवशेष निघतात, तेव्हा कुठे “मग प्रेत कुठे?” हा प्रश्न पहिल्यांदा उघडतो. तोवर चित्रपट संपत आलेला असतो. उत्तर आपल्याकडे कधीचं देऊन झालेलं असतं. आता फक्त दोन्ही जोडायचं बाकी, आणि शेवटचा प्रसंग ते काम करतो. बसल्या जागी आपण मागे जाऊन म्हणतो, “अरे, समोरच तर होतं!”

या एका गोष्टीवर मी जवळजवळ सगळं उभं करते: प्रश्न पडायच्या आधी उत्तर दाखवून झालेलं असावं. प्रश्न उघडल्यावर दाखवलेली प्रत्येक गोष्ट वाचक पुरावा म्हणून तपासतो. त्याआधी दाखवलेली गोष्ट तो जगण्याचा भाग म्हणून घेतो.

तुमच्या मालिकेत नेमकं उलट झालंय. मुलगा बेपत्ता, “कुणी नेला?” हा प्रश्न उघडा, आणि त्यानंतर मामा ठाण्यात चपलांचं वर्णन करतो. त्या क्षणी वाचक हातात भिंग घेऊन बसलेला आहे. तक्रार देणारा माणूस जास्तीचं बोलला की तो पकडला गेलाच. हा धागा चांगला आहे, खरंच. फक्त तो एका तुकड्यात आहे आणि उशिरा आलाय.

धागा दुसऱ्या कामात गुंतवायचा म्हणजे काय, ते माझ्या अनुभवातून सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका वाहिनीसाठी मर्यादित भागांची मालिका करत होतो. सोसायटीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचा मृत्यू, आणि शेजारची निवृत्त परिचारिका शेवटी दोषी निघते. तिचं म्हणणं असं की त्या दिवशी ती दिवसभर घरातच होती. तिला खोटं पाडायला मी तिसऱ्या भागात एक ओली छत्री ठेवली होती. सकाळभर पाऊस, ती दाराशी उभी, बाजूला निथळणारी छत्री. कागदावर मला ते फार नाजूक वाटलं होतं. चित्रीकरणात दिग्दर्शकाने छत्रीचा इन्सर्ट, म्हणजे जवळून स्वतंत्र शॉट घेतला, पाण्याचे थेंब, फरशीवर ओघळ. एडिटच्या टेबलवर पहिल्यांदा पाहताच आमच्या साउंडवाल्या मुलाने सांगून टाकलं, “ह्या मावशी बाहेर गेल्या होत्या.” त्याने संहिता वाचलेली नव्हती.

क्लोजअप म्हणजे प्रेक्षकाच्या कानात “हे लक्षात ठेवा” असं सांगणं. लिखाणात तेच काम वेगळा परिच्छेद करतो, किंवा वाक्याच्या शेवटी ठेवलेला शब्द, किंवा “तिच्या लक्षात आलं नाही, पण” यासारखी सुरुवात. आम्ही तो इन्सर्ट काढला आणि सीन पुन्हा लिहिला. आता नायिकेची आई नुकतीच फरशी पुसून उठली आहे. दार वाजतं, शेजारीण आत पाय टाकते आणि आई म्हणते, “अहो छत्री बाहेर, छत्री बाहेर, आत्ताच पुसलंय!” शेजारीण ओशाळून मागे होते, नायिका हसते, आईच्या स्वच्छतेच्या वेडावर दोन वाक्यं होतात. छत्री आता आईच्या स्वभावाची साक्ष झाली. शिवाय हा प्रसंग आम्ही गृहस्थांच्या मृत्यूची बातमी येण्याच्या आधी सरकवला. “ती कुठे होती?” हा प्रश्न अजून जन्माला यायचा होता. शेवटच्या भागात नायिका म्हणते, “तुम्ही घरातच होतात, मग छत्री ओली कशी?” तेव्हा लोकांना छत्री आठवली ती आईच्या आवाजात. “छत्री बाहेर!” हे वाक्य त्यांच्या कानात होतं.

हा दुसरा फायदा लोक विसरतात. दुसरं काम धाग्याला लपवतं, तसंच ते त्याला लक्षातही ठेवतं. नुसती ओली छत्री तीन भागांनंतर कुणाला आठवणार? आई ओरडली, ते आठवतं. तुमची तिसरी वाचक जे म्हणाली, “कुठून उपटला कळलंच नाही”, त्याचं औषध इथे आहे. तिला चपला आठवल्या नाहीत कारण चपलांभोवती कुणाची भावना नव्हती, भांडण नव्हतं, काही घडलं नव्हतं.

‘दृश्यम’मध्येही हेच. विजयचं सिनेमांचं वेड पहिल्या तासभर किती तरी वेळा दिसतं. रात्री ऑफिसात बसून सिनेमे बघणं, घरी उशिरा जाणं, बायकोची चिडचिड, चौथी नापास माणसाने सिनेमांतून शिकलेल्या गोष्टींवर गावातल्यांना पोलिसांच्या भानगडीत सल्ला देणं. हा पहिला तास संथ आहे असं त्या वेळी बरेच जण म्हणाले. मला तो संथ वाटत नाही. त्यातल्या प्रत्येक प्रसंगाला घरगुती काम आहे: नवरा-बायकोचं नातं, विजयचा चिकटपणा, सब-इन्स्पेक्टर गायतोंडेशी खुन्नस. त्या कामाखाली दुसरं काम चाललंय: हा माणूस पुढे जे करणार ते त्याला येतं, हे आपल्याला पटवणं. दुसऱ्या अर्ध्यात तो जबानी रचतो तेव्हा “याला हे कसं सुचलं?” असं एकदाही मनात येत नाही. म्हणून मी म्हणते, फक्त ट्विस्टचा पुरावा पेरून भागत नाही. ट्विस्ट घडवणाऱ्या माणसाची कुवतही पेरावी लागते. तुमच्या मामाबद्दल मला हा प्रश्न विचारायचाय: मुलगा पळवून सहा भाग तोंड सांभाळणारा माणूस तुम्ही आधी कुठे दाखवलाय? घरच्या एखाद्या फालतू गोष्टीत तो सहज, प्रेमाने खोटं बोलताना दिसतो का? बहिणीला वाईट वाटू नये म्हणून केलेली थाप, आणि सगळे त्यावर खूश. तेवढंही पुरेल.

आता तुम्ही म्हणाल, ‘दृश्यम’मध्ये खुनी कोण हे पहिल्यापासून माहीत आहे, माझ्याकडे तर “कुणी नेला?” हाच प्रश्न आहे. बरोबर, आणि इथे फरक पडतोच. दोषी कोण हाच प्रश्न पहिल्या भागात उघडत असेल तर उत्तर त्याआधी दाखवायला जागा फार थोडी उरते. अशा वेळी मी दोन गोष्टी करते. एक, घटना थोडी पुढे ढकलते. मुलगा पहिल्या पानावर गायब व्हायलाच हवा असं नाही. पहिल्या भागाच्या शेवटी होऊ दे. वाचकाला थ्रिलर आहे हे माहीत असतं, तो पंधरा पानं थांबतो. दोन, धाग्याची दोन टोकं वेगळी करते. एक टोक घटनेआधी, एक नंतर, आणि दोन्ही आपापल्या जागी निरागस.

तुमच्याच चपलांवर करून दाखवते.

पहिला भाग, सकाळ. मुलाच्या चपलेचा अंगठा तुटलाय. आई म्हणते, संध्याकाळी बघू, आज बूट घाल. मुलगा रडारड करतो, बूट चावतात. आजी म्हणते, माझ्या वेळी अनवाणी जायचो. मामा कामाला निघताना तुटकी चप्पल उचलून बघतो, “मी येताना शिवून आणतो,” म्हणतो, मग बसची वेळ झाली म्हणून ती तशीच टाकून जातो. तो गेल्यावर वडील मुलाला शाळेत सोडायला निघतात, वाटेत दुकान उघडं दिसतं, नव्या चपला घेऊन देतात. निळ्या पट्ट्यांच्या. मुलगा उड्या मारत शाळेत शिरतो. इथे वडिलांचं काम आहे: हातचे पैसे मोजून खर्च करणारा माणूस आज मुलासाठी विरघळला. दुपारी मुलगा शाळेतून परत येत नाही, आणि वडिलांना हा क्षण आयुष्यभर पुरणार आहे. वाचक वडिलांबरोबर आहे. मामा कधी निघाला हे त्याने पाहिलंय, पण त्याला त्याचं काही नाही.

रात्री, पोलीस ठाणं. आईला बोलवत नाही. वडील सुन्न. हवालदार अर्ज भरून घेतोय, नाव चुकीचं लिहितो, पुन्हा खोडतो. “कपडे काय होते?” वडिलांना शर्टाचा रंगच आठवत नाही, ते हमसून रडतात. मामा त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो आणि शांतपणे सांगत जातो: पांढरा शर्ट, खाकी चड्डी, निळ्या पट्ट्यांच्या चपला, डाव्या गुडघ्यावर खरचटल्याची खूण. चपला यादीत तिसऱ्या आहेत, शेवटच्या नाहीत. यादी संपते ती गुडघ्याच्या खुणेवर, आणि तिथे आईचा हुंदका फुटतो. वाचक तिच्याकडे बघतो. त्याला मामाबद्दल काय वाटतं? बरं झालं, घरात कुणीतरी शुद्धीवर आहे.

बघा, धागा तोच आहे. एक शब्दही बदलला नाही. पण “मामाने नव्या चपला पाहिल्या नव्हत्या” हे आता कुठल्याही वाक्यात लिहिलेलं नाही. ते दोन प्रसंगांच्या मधल्या रिकाम्या जागेत आहे. ज्या वाचकाला ते जोडायचं त्याला जोडता येईल, आणि शंभरात एखादा जोडेलही. त्याला जोडू द्या. तो वाचक तुमचा शत्रू नाही.

मग मध्यावर एक आठवण. सातव्या भागापर्यंत चपला जिवंत ठेवायच्या तर चौथ्या-पाचव्या भागात त्यांना एकदा हात लागला पाहिजे, पण पुरावा म्हणून नाही. आईला पलंगाखाली ती तुटकी चप्पल सापडते. ती छातीशी धरते, मामा आत येतो, आणि तो म्हणतो, “मीच शिवून आणायला हवी होती त्या दिवशी.” वाचकाला त्याची कीव येते. आणि त्याच वाक्याने तुम्ही वाचकाला सांगितलंत की मामाच्या माहितीत मुलाची चप्पल तुटकीच होती. सातव्या भागात जुना अर्ज कुणीतरी पुन्हा वाचेल तेव्हा हे वाक्य उभं राहील. माझ्या हिशेबात एका धाग्याला तीन स्पर्श पुरतात: पेरणी, एक आठवण, उलगडा. आठवण दोनदा दिली की वाचकाला संशय येतो. मुळीच दिली नाही तर सातव्या भागात मागे जाऊन दाखवायची वेळ येते, आणि तिथे मालिका थांबते.

दूरचित्रवाणीवर जाणार असाल तर “मागील भागात” वर डोळा ठेवा. आमच्या एका मालिकेत बारीक धागा तीन भाग सुरक्षित होता. चौथ्या भागाच्या आधीच्या रीकॅपमध्ये कुणीतरी नेमका तोच दीड सेकंदाचा शॉट टाकला, का तर पुढच्या भागात तो लागणार म्हणून. त्या संध्याकाळी प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत उत्तर लिहिलेलं होतं. तेव्हापासून मी रीकॅपचा मजकूर संहितेसोबतच लिहून देते.

तुमचा पुढचा प्रश्न माझ्या अंदाजाने असा असेल: सातवा भाग लिहिताना नवीन काही सुचलं, आणि पहिला भाग आधीच प्रसिद्ध झालेला असला, तर? इथे ‘दृश्यम’चा दुसरा भाग कामाला येतो. हिंदीत तो २०२२ मध्ये आला, दिग्दर्शन अभिषेक पाठक यांचं. पहिल्या भागाचा शेवट प्रेक्षकांना माहीत, प्रेत कुठे आहे तेही माहीत. लेखकाकडे लपवायला काही उरलेलं नाही. तो काय करतो? पहिल्याच प्रसंगात त्याच जुन्या रात्रीत परत जातो आणि एक माणूस वाढवतो. स्वतःच्या गुन्ह्यातून पळणारा डेव्हिड ठाण्याजवळ लपलेला असतो, आणि विजयला बांधकामातून बाहेर येताना बघतो. सात वर्षांनी तुरुंगातून सुटल्यावर त्याला पैशांची गरज पडते, आणि हे पाहिलेलं बाहेर येतं.

हे चाललं कारण पहिल्या भागाच्या कॅमेऱ्याने त्या रात्री फक्त विजयला पाहिलं होतं. आजूबाजूला कुणीच नव्हतं असं कुणी सांगितलं नव्हतं. मागाहून पेरायचं असेल तर ते मोकळ्या राहिलेल्या जागेतच पेरता येतं. आधी सांगितलेलं खोडून पेरता येत नाही. शिवाय डेव्हिड तिथे असणं हा निव्वळ योगायोग आहे, तरी खटकत नाही, कारण तो नायकाला खड्ड्यात घालतो. योगायोगाने नायक सुटला असता तर प्रेक्षक उठून गेले असते.

दुसऱ्या भागाचा खरा ट्विस्ट वेगळा. पोलीस ठाणं खणतात, सांगाडा निघतो, आणि डीएनए जुळत नाही. विजयने अवशेष बदललेले असतात. त्याची पेरणी बघा. विजय आता थिएटरचा मालक आहे, त्याला सिनेमा काढायचाय, एका लेखकाबरोबर कथेवर बसतो, शेवट पटत नाही म्हणून बदलत राहतो, दारू प्यायला लागलाय, नको त्या लोकांत बसतो, बायको वैतागली आहे. प्रत्येक गोष्टीला वरवरचं कारण आहे: वय, पैसा आला, सिनेमाचं वेड. आणि ते वेड पहिल्या भागापासून, सात वर्षांपासून, आपल्या ओळखीचं आहे! त्यामुळे त्या कथेवर कुणी संशय घेत नाही. प्रत्यक्षात तो जी कथा लिहितोय त्यातच अवशेष कसे बदलायचे ते आहे, आणि दारूच्या बैठकीतली मैत्री जिथे अवशेष तपासायला ठेवतात तिथवर पोचते. मालिकेतल्या लेखकाला मला एवढंच सांगायचंय की सगळ्यात उत्तम आडोसा म्हणजे पात्राचा जुना स्वभाव. नवा आडोसा उभारला तर तो नवेपणानेच डोळ्यांत येतो.

पण माझं मत विचाराल तर दुसऱ्या भागाचा ट्विस्ट पहिल्याइतका कमावलेला नाही. पहिल्यात उत्तर आपल्या डोळ्यांसमोर होतं. दुसऱ्यात विजयची बरीचशी तयारी आपल्याला एक पात्र शेवटी बसून सांगतं. कथा, दारू, वैताग हे आपण पाहिलं, पण दुसरा सांगाडा मिळवणं, तो जपून ठेवणं, त्या पायऱ्या आपल्या नजरेआडच झाल्या. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या, पण “समोरच तर होतं” असं मी म्हटलं नाही. “काय डोकं चालवलंय!” असं म्हटलं. या दोन प्रतिक्रियांतला फरक तुम्हाला तुमच्या वाचकांत ओळखता आला पाहिजे. पहिली आली तर पेरणी बरोबर झाली. दुसरी आली तर पात्र हुशार वाटलं, पण वाचकाला बाहेर ठेवलं गेलं.

तपासायचं कसं, तेवढं सांगून थांबते. तिघांना वाचायला दिलंत ते उत्तम केलंत, पण त्यांना “दोषी कोण वाटतं?” विचारलंत ना? तसं विचारलं की माणूस शोधायलाच लागतो. मी पहिले दोन भाग देते आणि आठवडाभर काही विचारत नाही. मग फोन करून म्हणते, पहिल्या भागातली सकाळ मला तोंडी सांगा. त्यांनी तुटकी चप्पल, आजीचं बोलणं, वडिलांचा खर्च हे आपणहून सांगितलं तर धागा रुजलाय. चपलांचं नावच आलं नाही तर भांडण फिकं पडलंय, ते वाढवा. आणि “मामाने चपलांचं सांगितलं तिथे मी थांबलो” असं कुणी म्हणालं तर ठाण्यातली यादी अजून उघडी आहे. तिथे आईचा हुंदका लवकर आणा, किंवा चपला शर्टाच्याही आधी घ्या.

वाचक मात्र प्रत्येक वेळी नवे हवेत. तुमच्या तिघांनी मामाला पाहिलंय, त्यांना आता चपला विसरता येणार नाहीत. दुसऱ्या कुणाला द्या, आणि मालिकेचं नाव सांगतानाही “थ्रिलर” एवढंच सांगा, “बेपत्ता मुलगा” असं म्हणू नका. नाहीतर पहिल्या सकाळीच त्यांच्या मनात प्रश्न उघडलेला असेल.